टोचन म्हणजे ट्रेलर नव्हे (गाडीतला सीन शूट करणाऱ्यांसाठी)

शॉर्टफिल्मवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "गाडीत दोघांचा सीन आहे, बजेट नाही, टो करून घेऊ का? म्हणजे अॅक्टरला ड्रायव्हिंगचं टेन्शन नाही." जरा खोदून विचारलं की कळतं, डोक्यात चित्र ट्रेलरचं आहे आणि डिकीत आहे दोर. दोन्हीला "टो" म्हणतात म्हणून दोन्ही एकच, असं धरून चालतात. इथेच घोळ होतो.

ट्रेलर, म्हणजे लो-लोडर, सगळ्यांनी मेकिंगच्या व्हिडिओत पाहिलेला असतो. बुटका प्लॅटफॉर्म, त्यावर गाडी चाकांना पट्टे मारून बांधलेली, आजूबाजूला कॅमेरा, लाइट, माणसं, आणि पुढचा ट्रक हे सगळं वाहून नेतो. गाडी इथे निव्वळ सामान आहे. अॅक्टरने स्टिअरिंग काढून मांडीवर घेतलं तरी काही बिघडणार नाही. भाडं, परवानगी, पुढेमागे पायलट गाड्या, आपल्या पाच जणांच्या युनिटला ते झेपत नाही, विषय संपला.

आता टोचन. दोराने असो की लोखंडी रॉडने, गाडी ओढली जाते, वाहिली जात नाही. चारही चाकं रस्त्यावर आहेत, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक मागच्या गाडीत बसलेल्या माणसाकडेच आहेत, आणि तो माणूस म्हणजे तुमचा अॅक्टर, ज्याला तुम्ही सांगितलंय की तू फक्त अॅक्टिंग कर. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतसुद्धा हेच होतं, की ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. मुळात टोचन हे बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायला आहे, शूटिंगला नाही.

बरं, नुसतं "त्यालाही चालवावी लागते" एवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं. पण ही गाडी नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त अवघड असते, आणि हे कुणी सांगत नाही. साउंडवाला म्हणतो इंजिन बंद करा, घरघर येतेय, आणि आपण करतो. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगची मदत गेली, स्टिअरिंग जड. ब्रेकला जो बूस्टर असतो तो बहुतेक गाड्यांत इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, त्यात एक-दोन वेळा दाबण्यापुरती शिल्लक असते, ती संपली की पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण दुप्पट-तिप्पट जोर काढला तर, आणि डायलॉग बोलणारा माणूस तो जोर वेळेत काढत नाही. कुणी चुकून किल्लीच काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, ते वेगळंच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून चाकांवर ओढल्याने गिअरबॉक्सची वाट लागू शकते.

आणि दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. आमच्याकडे हेच झालं. पुढे पिकअप, मागे हॅचबॅक, चार-पाच मीटर दोर, वेग सायकलएवढा, सगळे एकदम निर्धास्त. साधा उतार लागला, दोर सैल पडून रस्त्याला घासायला लागला, पिकअपवाल्याने खड्ड्यासाठी जरा ब्रेक मारला. आमच्या हीरोने आधीच सवयीने दोनदा पेडल दाबून शिल्लक संपवलेली, तिसऱ्यांदा पाय खाली जाईचना. फुटेजमध्ये दिसतं, तो वाक्य अर्ध्यात सोडून सीटवर उठल्यासारखा पेडलवर उभा राहतो. बंपर आणि एक हेडलाइट एवढ्यावर निभावलं, पण माझ्या मते ते नशीब होतं.

(क्रेनने पुढची चाकं उचलून नेणं हा तिसरा प्रकार. तिथे गाडीचं नाक वर जातं, अॅक्टर डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखे दिसतात. आणि रस्त्यावर गाड्या उचलून नेणारा फ्लॅटबेड म्हणजे लो-लोडर नव्हे, तो उंच असतो, खिडकीतून शेजारच्या गाड्यांची टपं दिसतात, शिवाय चालत्या फ्लॅटबेडवर गाडीत माणसं बसवायची नसतात.)

म्हणून कुठलीही आयडिया आली की एकच विचारा, या शॉटमध्ये स्टिअरिंग आणि ब्रेक कुणाकडे आहे, आणि तो माणूस अॅक्टिंग करतोय का. हो असेल तर तो शॉट चालत्या गाडीत घ्यायचा नाही.

मग करायचं काय? दीड पानांचा रात्रीचा सीन धरा, नवरा चालवतोय, बायको शेजारी. बायकोचे क्लोजअप खरोखर चालत्या गाडीत घ्या, पण ड्रायव्हर सीटवर युनिटमधला चांगला ड्रायव्हर, फ्रेमच्या बाहेर, त्याला एकही वाक्य नाही. नवऱ्याची वाक्यं नवरा मागच्या सीटवरून देतो. बेल्ट सगळ्यांना, आणि कॅमेरा डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर अजिबात नाही, एअरबॅग उघडली तर तो थेट तिच्या तोंडावर येईल. नजर तेवढी सांभाळा, तिने ड्रायव्हरकडे बघून बोलायचं, मागे वळून नाही. लांबून जाणारी गाडी पाहिजे तर वाइड घ्या, त्यात ओठ दिसत नाहीत, आवाज नंतर टाका.

नवऱ्याचे क्लोजअप उभ्या गाडीत. सोसायटीचं रिकामं पार्किंग पुरतं. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मागच्या काचेपलीकडे काळं कापड. एक जण मागच्या बंपरवर हात ठेवून अधूनमधून हलकं दाबतो, झोपाळ्यासारखं नाही, खड्ड्यासारखं. दुसरा एलईडी ट्यूब काठीला बांधून बॉनेटकडून टपावरून मागे नेतो, तो रस्त्यावरचा दिवा. इथे लोक मनाला येईल तसे दिवे फिरवतात आणि सगळं लग्नाच्या डीजेसारखं दिसतं. हिशोब सोपा आहे: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, खांब साधारण ३० मीटरवर धरले तर दर तीन सेकंदांनी एक दिवा. मोबाइलवर मेट्रोनोम लावा नाहीतर मनात मोजा, पण तो ठेका पूर्ण टेकभर तोच ठेवा, नाहीतर एडिटला वेग बदलल्यासारखा वाटतो. मधेच एकदा मागून दोन टॉर्च शेजारी-शेजारी धरून जवळ आणा, मागची गाडी आली. काचेवर स्प्रेने थोडे थेंब मारले की पलीकडचं काय खरं काय खोटं कळतच नाही.

अॅक्टरला मात्र स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे फिरवू देऊ नका, मला हे बघून चीड येते, सरळ रस्त्यावर कोण असं चालवतं? दोन बोटांएवढी हालचाल पुरे. आणि बायकोकडे एका सेकंदाहून जास्त बघायचं नाही, कारण उभ्या गाडीत तो निवांत तिच्या डोळ्यांत बघत बसतो आणि प्रेक्षक म्हणतो, अरे समोर बघ.

दिवसा हे जमत नाही, खिडकीबाहेर पार्किंगच दिसतं. सीन दिवसाचा असेल तर मी आधी लेखकाशी भांडून तो रात्रीचा करून घेतो. नाहीच ऐकलं तर नवऱ्याची वाक्यं गाडी टपरीपाशी थांबल्यावर.

जाता जाता आवाजाचं: त्याच गाडीत रेकॉर्डर ठेवून, कुणीही न बोलता, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये तीन-तीन मिनिटं चालवून ठेवा. ती घरघर उभ्या गाडीतल्या क्लोजअपखाली घातली की दोन्हीकडचे शॉट जुळतात, आणि साउंडवाल्याला इंजिन बंद करा म्हणायची वेळ येत नाही.