जेवणानंतरचा पाऊण तास

मावशीने फोनवर आधी आकडेच सांगितले. "सकाळी साडेसहाला १४६ होती. अर्धा तास डंबेल्स केले आणि परत बघितली तर १७२! व्यायामाने साखर वाढते, असं तुझ्या पुस्तकात लिहिलंय का रे?"

मावशी इंदूरच्या रामबागेत राहते. वय ५८, मधुमेह ११ वर्षांचा. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे डंबेल्स घ्यायला मीच सांगितलं होतं, ते कधी उचलायचे हे मात्र सांगायचं राहिलं होतं. आणि हो, व्यायामाने साखर वाढते, असं पुस्तकात खरोखरच लिहिलेलं आहे.

रात्रभर पोटात काही नसतं तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळतं, साठवलेली साखर थोडी थोडी सोडत राहतं. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि हा पुरवठाही वाढतो. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं, टाइप २ मधुमेहात ते नीट जमत नाही. त्यात वजन उचलायला जोर लावला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि यकृत आणखी साखर ओततं. स्नायू ती उचलतात, पण त्या अर्ध्या तासात येणारी साखर जाणाऱ्या साखरेपेक्षा जास्त असू शकते. मावशीचे वाढलेले २६ अंक बहुधा तिथूनच आले. त्यात बिघडलं काहीच नव्हतं, पण ज्या साखरेशी तिचं खरं भांडण होतं ती वेगळीच होती: जेवणानंतर चढणारी.

जेवणातली साखर मुख्यतः स्नायूंत जाऊन साठते. स्नायूच्या पेशीत साखर घेणारी दारं असतात, त्यांना ग्लुट-४ म्हणतात. एरवी ती पेशीच्या आत मिटून पडलेली असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. टाइप २ मध्ये हा निरोप पोचतो, पण पेशी तो धड ऐकत नाही. गंमत अशी, की स्नायू आकुंचन पावला की हीच दारं दुसऱ्या वाटेने, इन्सुलिनवाचून, वर येतात आणि मधुमेहातही ही दुसरी वाट बऱ्यापैकी शाबूत असते. म्हणजे रक्तात साखर चढत असतानाच स्नायूंना कामाला लावलं, तर तिला जायला जागा तयार असते.

अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात २०१५ साली हे तपासलं गेलं. टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या १३ जणांनी एकदा रात्रीच्या जेवणाआधी वजनांचा व्यायाम केला, एकदा जेवणानंतर ४५ मिनिटांनी आणि एकदा नुसतेच बसून राहिले. जेवणानंतरची साखरेची चढण आधीच्या व्यायामाने सुमारे १८ टक्के, तर नंतरच्या व्यायामाने सुमारे ३० टक्के कमी झाली. रक्तातली चरबीदेखील नंतरच्या व्यायामानेच उतरली. १३ माणसं म्हणजे फार नव्हेत, पण स्नायूंबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हा निकाल जुळतो.

तर मावशीचं वेळापत्रक बदललं. जेवण साडेसातला, व्यायाम सव्वाआठला, पावणेनऊला संपवायचा. जेवल्याबरोबर सुरू केलं तर पोट जड आणि करपट ढेकरा. दोन तासांनी केलं तर चढण होऊन गेलेली. ४५ मिनिटं हा मधला मुक्काम. इंदुरात रात्री दहाला जेवून पुढे सराफ्याच्या खाऊगल्लीत चक्कर मारणाऱ्यांना हे जमणार नाही, त्यांनी दुपारच्या जेवणानंतर करावं.

व्यायाम पाचच. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, डंबेल्स खांद्यावरून वर नेणं आणि टाचा उचलणं. प्रत्येकाच्या दहा-बारा आवृत्त्या, दोन फेऱ्या. वजन एवढं, की शेवटी "अजून दोन झाले असते" असं वाटावं. दहा झाले असते असं वाटलं तर वजन फार हलकं आहे. वाकून करायचे प्रकार पोट भरलेलं असताना गाळले. आणि आकडे मोठ्याने मोजायचे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, मोजताना श्वास रोखता येत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनांना हात लावू नये.

मग आम्ही तुलना केली. दोन्ही दिवशी ताट तेच: दोन पोळ्या, वाटीभर वरण, अर्धी वाटी भात, दोडक्याची भाजी. बसून काढलेल्या दिवशी जेवणाआधी १३२ आणि दोन तासांनी २०६. व्यायामाच्या दिवशी आधी १३६, सुरू करताना १९१, संपल्यावर १६४ आणि दोन तासांनी १५९.

एका जोडीवरून हुरळून जायचं नव्हतं. घरच्या ग्लुकोमीटरला वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा असते, म्हणजे १८० दिसली तर खरी १५५ ते २१० यांत कुठेही असू शकते. म्हणून तेच ताट आणखी दोनदा. एकदा मधेच २८८ आली आणि मावशी घाबरली. बोट धुवायला लावलं, परत पाहिलं तर १७३. व्यायामाआधी नातवाला जिलबी तोडून दिली होती, तो पाक बोटाला होता.

खरी भीती मात्र उलट्या टोकाची. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर घसरवत नाही. ग्लिमेपिराइड घसरवतं, कारण ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला असा वा नसा. एका एकादशीला मावशीने दुपारी भगरही टाळली आणि संध्याकाळी साडेपाचलाच डंबेल्स उचलले. दुसऱ्या फेरीत हात थरथरले, कपाळाला गार घाम. मोजली तर ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायली, पंधरा मिनिटांनी ८९. पेढा दिला असता तर त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढली असती. व्होग्लिबोज घेणाऱ्यांना तर नेहमीची साखरही लवकर चढत नाही, कारण ती फोडणारं पाचकच ती गोळी अडवते. त्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी.

तेव्हापासून ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना मी व्यायामाआधी एक आणि झोपताना एक तपासणी करायला सांगतो. सुरुवातीला ९०च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. २५०च्या वर असून मळमळ किंवा ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांना फोन. झोपतानाची तपासणी अशासाठी, की रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास साखर ओढत राहतात. मावशीच्या डॉक्टरांनी तिची आकड्यांची वही पाहून ग्लिमेपिराइड अर्धी केली. स्वतःहून तिने गोळीला हात लावला नाही.

आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, असं आता पाच महिने चाललंय. सकाळची उपाशीपोटीची साखर अजून १४०च्या आसपासच आहे, यावर तिची कुरकुर असते. मिसूरीतल्या लोकांतही रात्रीच्या व्यायामाचा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नव्हता. पहाटेचं यकृत हे वेगळं प्रकरण आहे, आणि तिची पुढची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, तपासणी १२ तारखेला आहे.