पुणे नागरी समूह

पुणे नागरी समूह म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही जोडशहरे आणि त्यांना लागून असलेला नागरी भाग मिळून जनगणनेत धरला जाणारा एक गट. पुणे महापालिका १९५० साली झाली. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका मिळाली. जोडशहरे असली तरी इथे एकच महापालिका नाही. महापालिका दोन आहेत आणि वस्ती मात्र सलग आहे.

बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत उतरले की मुळा नदी मागे राहते आणि महापालिका बदलते. घंटागाडी दुसऱ्या पालिकेची, घराचा कर दुसऱ्या पालिकेकडे. मेट्रो आणि पीएमपीएमएलची बस मात्र दोन्ही काठांना एकच आहे.

'पुण्याची लोकसंख्या किती?' या प्रश्नाला म्हणूनच एका आकड्यात उत्तर देता येत नाही. २०११च्या जनगणनेच्या अंतिम आकड्यांनुसार पुणे महापालिकेत ३१,२४,४५८ आणि पिंपरी-चिंचवडमध्ये १७,२७,६९२ लोक होते. दोन्हींची बेरीज ४८,५२,१५० होते, तर नागरी समूहाची नोंद ५०,५७,७०९ आहे. हा सुमारे दोन लाखांचा फरक बेरजेतली चूक नाही. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट कोणत्याच महापालिकेत येत नाहीत. ती आणि लगतची काही छोटी शहरे समूहात मोजली जातात. दोन पालिकांची बेरीज करून तिलाच 'पुण्याची एकूण लोकसंख्या' म्हणणाऱ्यांकडून ही माणसे सुटतात. उलट चूक अधिक मोठी असते: जिल्ह्याचा ९४,२९,४०८ हा आकडा शहराच्या नावावर खपवला जातो. त्यात बारामती, जुन्नर, भोरही आले.

समूहाची हद्द ठरवताना वस्तीची सलगता पाहतात, पण नुसती सलगता पुरत नाही. कडेच्या गावाला जनगणनेने शहर मानायचे तर वस्ती किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, अशा तिन्ही अटी बसाव्या लागतात. नाहीतर ते गाव जवळच्या शहराची बाह्य वाढ म्हणून धरले जावे लागते. दोन्ही नसेल, तर इमारती शहराला भिडलेल्या असूनही ते ग्रामीण म्हणूनच नोंदले जाते.

तुलना करताना हद्दीकडे आधी पाहावे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी काढली गेली. आजच्या हद्दीचा अंदाज २०११च्या ३१ लाखांशेजारी ठेवला, तर या गावांत आधीपासून राहणारी माणसेही 'वाढ' म्हणून दिसतात. त्यामुळे आकडा देताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात: महापालिका, समूह की जिल्हा; कोणते वर्ष; आणि आकडा अंतिम की तात्पुरता. २०११च्या तात्पुरत्या आकड्यात हाच समूह ५०,४९,९६८ होता, आणि तोही अजून अनेक ठिकाणी दिला जातो.