बाष्प संपीडन प्रशीतन चक्र

द्रव कमी दाबाखाली उकळवून त्याच्याकडून भोवतालची उष्णता शोषून घ्यायची आणि तयार झालेली वाफ दाबून पुन्हा द्रव करायची, अशी थंडावा निर्माण करण्याची पद्धत. घरचा फ्रिज आणि मिरकरवाडा, हर्णै यांसारख्या मासेमारी बंदरांना लागणाऱ्या बर्फाचा कारखाना, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. येथे बर्फ कारखान्यातला अमोनियाचा संच उदाहरणादाखल घेतला आहे. त्यात प्रत्येक भाग सुटा दिसतो आणि बहुतेक ठिकाणी तो माणसालाच सांभाळावा लागतो.

अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. दाब वाढवला की उत्कलनबिंदू चढतो: गेजवर सुमारे १.४ किलो दाब असेल तर तो उणे १५ अंशांना उकळतो, १४.८ किलो असेल तर ४० अंशांना. (कारखान्यात ‘किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो.) सगळा खेळ या दोन दाबांचा आहे. मिठाच्या पाण्याच्या, म्हणजे ब्राइनच्या टाकीत बुडवलेल्या नळ्यांत अमोनिया उणे १५ ला उकळत राहतो. ब्राइन त्याला उष्णता देऊन उणे १० च्या आसपास येते आणि तिच्यात उभ्या केलेल्या डब्यांतल्या पाण्याच्या लाद्या होतात.

कॉम्प्रेसर थंडावा ‘तयार’ करतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो दोन कामे करतो. नळ्यांत झालेली वाफ तो सतत ओढून घेतो, म्हणून तिथला दाब खाली राहतो. ओढणे थांबले की दाब चढतो आणि उकळणेही मंदावते. दुसरे म्हणजे, ती वाफ दाबून तो तिचे द्रवीभवनाचे तापमान भोवतालच्या पाण्याच्या वर नेतो. उणे १५ अंशांच्या वाफेतली उष्णता ३० अंशांच्या पाण्याला देता येत नाही. दाबल्यावर वाफ सव्वाशे अंशांपर्यंत तापते, आणि मग कंडेन्सरमध्ये उष्णता पाण्याला देऊन ४० अंशांना तिचा द्रव होतो.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणजे नेमकी अरुंद केलेली वाट. घरच्या फ्रिजमध्ये तिच्या जागी केसासारखी बारीक नळी असते. तिच्यातून जाताना द्रवाचा दाब एकदम पडतो, पण उष्णता बाहेर जात नाही. ४० अंशांचा द्रव उणे १५ ला यायचा तर त्यातलाच काही भाग उकळून उरलेल्याला थंड करतो. या उदाहरणात सुमारे पाचवा भाग व्हॉल्व्हमध्येच वाफ होतो. उरलेला चार पंचमांश ब्राइन थंड करतो: एका किलो अमोनियामागे सुमारे १०५० किलोज्यूल. तीस अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला साधारण ४७० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे गळती धरली नाही तर एक किलो अमोनिया एका फेरीत सव्वादोन किलो बर्फ करतो.

‘व्हॉल्व्ह जास्त उघडला की जास्त थंड’ हे चूक आहे. नळ्यांत उकळू शकेल तेवढाच द्रव आत सोडायचा असतो. जास्त सोडला तर न उकळलेला द्रव सक्शनमधून, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या पाइपातून, कॉम्प्रेसरमध्ये येतो. सिलिंडरवरच हिमाचा थर चढतो आणि आत ठोके ऐकू येतात. द्रव दबत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या स्वतःच्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. सक्शनच्या पाइपावरचे हिम मात्र नेहमीचेच, त्याला घाबरण्याचे कारण नाही. व्हॉल्व्ह फार आवळला तर उलटे होते: सक्शनचा दाब पडतो, दाबलेली वाफ बाहेर नेणारा डिस्चार्ज पाइप नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि लाद्यांच्या मधोमध पाणी राहते.

कोकणात कंडेन्सरचा प्रश्न वेगळा आहे. थंड करणारे पाणी हवेत बाष्पीभवनाने गार होते, पण हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली, म्हणजे बल्बभोवती ओले कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्याच्या खाली, जात नाही. ३३ अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या किनारी हवेत हे तापमान सुमारे २९ असते; ४२ अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते २४ च्या आसपास. घामाने चिकट करणारी हवा कंडेन्सरलाही नकोशी असते! विदर्भाच्या उन्हातला संच म्हणूनच कमी दाबावर चालू शकतो. शिवाय पाण्यातले क्षार नळ्यांवर बसतात आणि दाब आणखी चढतो.

दाब चढण्यामागे क्षार आहेत की आत शिरलेली हवा, हे ओळखण्याची सोपी तपासणी आहे. कॉम्प्रेसर बंद करायचा, कंडेन्सरवरचे पाणी चालू ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचे तापमान सारखे होईपर्यंत थांबायचे. पाणी ३० अंशांचे असेल तर गेजवर १०.९ किलो दिसायला हवेत. साडेबारा दिसले तर आत हवा आहे. ती द्रव होत नाही, नुसती जागा अडवते. ती पर्ज करून, म्हणजे बाहेर सोडून, काढावी लागते. या तपासणीत गेजवरचा आकडा बरोबर येऊनही चालू संचात दाब चढत असेल, तर नळ्या खरवडायची वेळ झाली. हे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत उरकता येते, कारण तेव्हा यांत्रिक होड्या बंदरात असतात आणि बर्फाची मागणी उतरलेली असते.