सुरावली: मराठी आणि इंग्रजीतील आश्चर्य, शंका व आदब

बोलताना आवाजात होणाऱ्या चढउताराला सुरावली म्हणतात. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत ती आहे, पण आश्चर्य, शंका आणि आदब दाखवण्याचं किती काम तिच्यावर सोपवायचं, याबाबत दोन्हींची रीत वेगळी आहे. पुण्यात हिंजवडी किंवा खराडीच्या कंपन्यांतून परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलणाऱ्यांना हा फरक जास्त नडतो, कारण तिथे चेहरा दिसत नाही.

मराठीत यातलं बरंच काम शब्दच उरकतात. ‘जरा फाइल पाठवाल का?’ यातली आदब ‘जरा’, ‘पाठवाल’ आणि ‘का’ यांत आहे. शेवटी सूर खाली आला तरी कुणाला हुकूम वाटत नाही. ‘तो येणार म्हणे’ यात ‘म्हणे’नेच शंका पोचते, आणि ‘आला की हा!’ यात ‘की’मुळे आश्चर्य. बोलणारा इंग्रजीकडे वळला की हे छोटे शब्द गळून पडतात, सूर मात्र मराठीच राहतो.

ब्रिटिश इंग्रजीत वाक्यातल्या शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर सूर वळतो. तो उतरला तर सहसा बोलणं पुरं झालं. चढला तर विचारणा. उतरून पुन्हा किंचित चढला तर मनात काहीतरी राखून ठेवलेलं आहे.

याचं गाजलेलं उदाहरण जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलं. ब्रिटनमधल्या एका विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उद्धट आहेत, अशी तक्रार होती. मांस घेणाऱ्याला त्या ‘ग्रेव्ही’ असं उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या मते ती साधी विचारणा होती. ब्रिटिश कानाला ती ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ अशी लागे. तिथे हाच शब्द चढत्या सुरात अपेक्षित होता. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावरही बायकांना आधी फरक जाणवेना, कारण शब्द तर तोच होता. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: उच्चार चुकला तर परदेशी माणूस म्हणून सांभाळून घेतलं जातं, पण सूर चुकला तर दोष स्वभावाला लागतो.

उलट दिशेनेही गफलत होते. समजा, लंडनचा वरिष्ठ पुण्यातल्या टेस्टरला म्हणाला, ‘द रिपोर्ट इज गुड’, आणि ‘गुड’वर सूर उतरून पुन्हा चढला. त्याचा अर्थ ‘ठीक आहे, पण…’ असा. टेस्टर शब्द ऐकून ‘थँक यू’ म्हणते आणि पुढचा अहवाल तसाच पाठवते. अशा वेळी ‘काय बदलू?’ असं तिथेच विचारलं की राखून ठेवलेला ‘पण’ बाहेर येतो.

हे नियम सगळ्या इंग्रजीला लागू नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टकडे साधं विधानही चढत्या सुरात संपतं. तिथल्या माणसाचा चढता सूर ऐकून तो साशंक आहे असं धरता येत नाही.