किरणजी, काय म्हणता?

आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेला दरवर्षी बाहेरगावाहून पाहुणे इंदूरला येतात. त्यांची विचारपूस करायचं काम यंदा एका उत्साही मुलाकडे होतं. यादीत नाव होतं नुसतं 'किरण', पुढे आडनाव आणि फोन नंबर. त्याने निरोप पाठवला:

"नमस्कार किरणताई, कशा आहात? इंदूरला कधी आल्या? कुठे थांबल्या आहात? मी आपली काय मदत करू शकतो?"

उत्तर आलं: "स्टेशनवर उभा आहे. आणि मी ताई नाही, मला मिशा आहेत."

मुलगा खजील झाला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा मसुदा दाखवला, त्यात 'कसे/कशा', 'आले/आल्या', 'थांबले/थांबल्या' अशा तिरक्या रेघा. एखाद्या सरकारी अर्जावर 'लागू नसेल ते खोडा' लिहिलेलं असतं, तसं वाचायला. म्हणाला, "काकू, मराठीत दुसरा इलाजच नाही. क्रियापद आलं की लिंग आलं."

हा समज फार लोकांचा आहे, आणि तो चुकीचा आहे. मराठीच्या बऱ्याच क्रियारूपांना समोरचा बाप्या आहे की बाई याच्याशी देणंघेणं नसतं. कोणत्या रूपांना असतं आणि कोणत्यांना नसतं, यामागे एक झकास कारण आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

शाळेतलं संस्कृत आठवा. 'सः गच्छति', 'सा गच्छति'. तो जातो, ती जाते, पण 'गच्छति' जागचं हलत नाही. आता 'सः गतः', 'सा गता'. इथे रूप बदललं. कारण 'गच्छति' हे खरं क्रियापद, त्याला वैयाकरण तिङन्त म्हणतात. त्याला पुरुष आणि वचन असतं, लिंग नसतं. 'गत' हे मात्र कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेलं विशेषण. विशेषणाला लिंग असायचंच, 'काळा घोडा, काळी घोडी' तसं. पुढे प्राकृतात भूतकाळाची तिङन्त रूपं बहुतेक गळाली आणि सगळा भार 'गत'सारख्या कृदन्तांवर पडला. आपलं 'गेला, गेली, गेलं' हे त्या विशेषणाचे वंशज आहेत. आपण 'ती गेली' म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशोबाने 'ती गेलेली आहे' असं तिचं वर्णन करत असतो.

वर्तमानकाळाचंही तेच झालं. 'करतो, करते' हे 'करत' या कृदन्ताला शेपूट लावून झालेले आहेत. म्हणून 'मी मदत करते' म्हटलं की मी बाई आहे हे लगेच कळतं. (आतापर्यंत कळलं नसेल तर आता कळलं.)

मग जुन्या तिङन्त वर्तमानाचं काय झालं? तो मेला नाही, त्याने घर बदललं. जुन्या मराठीत 'तू करिसी, तो करी, ते करिती' हा वर्तमानकाळ होता. त्यांना 'ल' जोडून पाहा: करशील, करील, करितील. हा आपला भविष्यकाळ! पहिल्या पुरुषात ल-च्या जागी न दिसतो, 'करीन'. मूळ तिङन्त असल्यामुळे त्याला लिंग शिवलेलंच नाही. 'तो येईल, ती येईल', 'तू येशील', 'मी येईन', कुठेच फरक नाही. शेजारच्या हिंदीत मात्र 'करूँगा, करूँगी'. हिंदीनेही तोच जुना वर्तमान घेतला, पण त्याच्या मागे 'गा' जोडला, आणि हा 'गा' त्याच 'गत'चा नातू. कृदन्त मागल्या दाराने आलं आणि लिंग घेऊन आलं. इंदुरात दिवसभर दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना हा फरक कानाला रोज लागतो, पण लक्षात येत नाही.

त्याच तिङन्त घराण्यातला आणखी एक म्हातारा आपल्यात वावरतो: 'पाहिजे'. हा जुन्या कर्मणीचा अवशेष, मूळ अर्थ 'पाहिलं जातं'. 'म्हणजे' हा त्याचा सख्खा भाऊ, 'म्हटलं जातं'. म्हणून 'चहा पाहिजे, कॉफी पाहिजे, पाणी पाहिजे', कोणत्याही लिंगाची वस्तू मागा, तो बदलत नाही. त्याच अर्थाचा 'हवा, हवी, हवं' बदलतो, पण तोही मागितलेल्या वस्तूप्रमाणे. 'तुम्हाला काय मदत हवी?' यातली 'हवी' मदतीची आहे, पाहुण्याची नाही. आमच्या मुलाने तिथेही तिरकी रेघ मारून 'हवा/हवी' केलं होतं, ते मी आधी खोडलं.

आता त्याचा पहिला निरोप उलगडू. त्यात लिंग पाच ठिकाणी गळतंय: ताई, कशा, आल्या, थांबल्या, शकतो. चार ठिकाणी किरणचं, एका ठिकाणी त्याचं स्वतःचं.

'ताई'चा उपाय इंदुरात सोपा आहे, 'किरणजी'. पुण्यात जरा हिंदी वाटेल, इथे कोणाला खटकत नाही. 'कशा आहात' फसवं आहे. 'आहात'ला लिंग नाही, पण 'कसा' हे विशेषण आहे आणि तेच बोंब मारतं. 'बरे आहात ना'चंही तसंच. त्याऐवजी मराठी माणूस पूर्वीपासून जे म्हणतो ते म्हणावं: "काय म्हणता?" याहून निर्लेप अभिवादन मला माहीत नाही.

'कधी आल्या' इथे गंमत आहे. प्रमाण मराठीत 'तुम्ही कधी आलात?' हे बाईला आणि बाप्याला एकच. 'आला, आली' हे कृदन्त खरं, पण अनेकवचनी दुसऱ्या पुरुषात पुरुषाचा प्रत्यय लिंगाच्या स्वराच्या जागेवरच येऊन बसला आणि लिंग झाकलं गेलं. 'करता', 'जाता'चंही तेच. आमच्या इंदुरी बोलण्यात मात्र तो शेवटचा 'त' सर्रास गळतो: 'तुम्ही कधी आले?', 'काय करून राहिल्या?' हिंदीचा शेजार, दुसरं काय. 'त' गेला की झाकण उडालं, आणि खालचं 'आले, आल्या' उघडं पडलं. म्हणजे तो एक 'त' राखला तरी अर्धी अडचण संपते.

पण 'थांबल्या आहात'मध्ये 'त' आहे, तरी गळती कशी? कारण इथे तो 'त' 'आहात'च्या अंगावर गेला आणि 'थांबल्या' हे कृदन्त उघडं राहिलं. 'थांबलात' म्हटलं की झाकलं. पूर्ण वर्तमानाऐवजी साधा भूतकाळ घ्यायचा, एवढंच.

राहिला 'शकतो'. 'करू शकेन' म्हटलं तर भविष्यकाळ असल्यामुळे सुटतो, पण बोलायला जड. त्यापेक्षा नुसतं 'काय मदत करू?' 'करू', 'येऊ', 'पाठवू', तसंच 'या', 'बसा', 'सांगा' यांना लिंग नाही. 'मी आपली काय मदत करू शकतो' हे वाक्य तसंही काउंटरवरच्या पाटीवरून उतरवल्यासारखं आहे, घरी आलेल्या माणसाला असं कोण विचारतं?

शेवटी निरोप असा झाला:

"नमस्कार किरणजी, काय म्हणता? इंदूरला कधी पोचलात? राहायची सोय कुठे आहे? काही लागलं तर सांगा. गाडी पाठवू का?"

यात एकही तिरकी रेघ नाही, आणि वाचून कोणाला शंकाही येणार नाही की काही टाळलंय. तपासायची युक्ती सोपी आहे. वाक्य दोनदा मोठ्याने म्हणायचं, एकदा समोर आजोबा आहेत असं समजून, एकदा आजी. जीभ कुठे एखादा स्वर बदलायला गेली, तर तिथे गळती आहे. ही तपासणी प्रमाण बोलीत करावी, इंदुरीत केली तर जीभ जरा जास्तच ठिकाणी वळते.

समोरच्याला 'तू' म्हणायचं असेल तर काम अवघड. 'आलास, आलीस', 'करतोस, करतेस' यांत काही झाकलं जात नाही. तिथे 'ये', 'सांग', 'येशील का' एवढ्यावर भागवायचं, नाहीतर 'कसं येणं केलंस?' असा वळसा. 'येणं' नपुंसक, क्रियापद त्याच्यामागे जातं.

नपुंसकलिंगाचा विषय निघाला म्हणून: दारावर थाप पडली की आपण "कोण आलंय?" विचारतो. अज्ञात माणसासाठी मराठीत ही सोय आहे, हिंदीला 'कौन आया है' म्हणावं लागतं. पण ती दाराआडच्या माणसापुरती. दार उघडल्यावर त्याच्या तोंडावर 'आलं' म्हणायचं नसतं, ते पोराबाळांना शोभतं.

माझा हा मसुदा फिरल्यावर कोणीतरी फॉरवर्ड पाठवलं की लिंगभेद असलेल्या भाषा समाजाला मागास ठेवतात. फारसी आणि तुर्की भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. त्यामुळे तिथल्या बायकांचे प्रश्न आपोआप सुटले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या फॉरवर्डात नासाने संस्कृतच्या व्याकरणाला प्रमाणपत्र दिलं होतं. दोन्ही बाजूला ठेवून मी पुढच्या चहाकडे वळले. व्याकरण काय करू शकतं याची हद्द असते, आणि ती आम्हाला दोनच दिवसांत दिसली.

पुढचं नाव होतं 'शशी'. निरोप नीट गेला, उत्तर आलं, अकराची गाडी, स्टेशनवरून घ्यायला हवं. शशीविषयी आपसांत बोलतानाही अडलं नाही. 'शशी आले' की 'आल्या' हे टाळून 'शशी यांचा फोन आला होता', 'त्यांनी विचारलंय', 'त्यांना आणायचं आहे'. 'त्यांनी, त्यांना, त्यांचा' ही रूपं दोघांना सारखीच, आणि क्रियापद फोनच्या मागे तरी जातं किंवा कोणाच्याच नाही. मुलगा खूश. त्याने ड्रायव्हरला फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "भैया, लेने किसको जाना है, साहब को या मैडम को?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शर्टाचा रंग विचार.