अवाचनीय शब्दांचे अंकन

हस्तलिखित पानाची नक्कल करताना जे अक्षर लागत नाही, त्याच्या जागी ठरावीक खूण करून पुढे जाण्याच्या रीतीला अवाचनीय शब्दांचे अंकन म्हणतात. शाई दिसते पण अक्षर ओळखू येत नाही, ही अवाचनीयता झाली. कसरीने किंवा घडीवर फाटून कागदच गेला असेल, तर तो मजकूर नष्ट झालेला असतो. आणि वाचन जुळते पण खात्री नाही, तेव्हा ते संदिग्ध ठरते. या तिन्हींसाठी एकच प्रश्नचिन्ह वापरले, तर मूळ पान पुन्हा पाहून काही हाती लागेल की नाही, हे नक्कल वाचणाऱ्याला कळत नाही.

ठाणे परिसरातल्या जमिनीच्या एखाद्या जुन्या बालबोध कागदात ‘मौजे क’ एवढे स्पष्ट आहे, पुढे शाईचा डाग आहे आणि डागानंतर ‘वे’ दिसते, असे समजू. ठाण्यात बसून वाचणाऱ्याच्या तोंडी ‘कळवे’ आपोआप येते. परंतु आज नवी मुंबईत असलेले करावे हेही याच अक्षरांत बसते. डागाखाली साधे अक्षर आहे की काना असलेले अक्षर, हे केवळ डागाच्या रुंदीवरून ठरवता येत नाही. म्हणून नकलेत ‘मौजे क[१ अक्षर अवाचनीय, डाग]वे’ असे लिहावे आणि दोन्ही शक्यता तळटीपेत द्याव्यात. मजकुरातच ‘कळवे’ घातले, तर करावे गावाचे कागद शोधणाऱ्याला हा कागद कधीच सापडणार नाही, आणि हा तोटा अधिक वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणकीय संपादनासाठीच्या टीईआय पद्धतीत हीच खूण अशी होते:

```
क<gap reason="illegible" quantity="1" unit="chars"/>वे
```

मोडी कागदात किती शब्द लागले नाहीत, हे मोजण्यात अर्थ नसतो, कारण तिथे शिरोरेषा बहुधा सलग ओढलेली असते आणि शब्द तोडलेले नसतात. अशा वेळी अंदाजे अक्षरे सांगावीत, नाहीतर सरळ ‘सुमारे ३ सेंमी अवाचनीय’ असे नोंदवावे. अक्षर खरोखर लागते की वाक्याच्या ओघाने लागल्यासारखे वाटते, हे पडताळण्यासाठी त्याच हातचे तेच अक्षर पानावर अन्यत्र शोधून वळण जुळवतात. तेवढ्याने भागले नाही, तर दुसऱ्या वाचकाला आपले वाचन न सांगता ती ओळ दाखवतात. आपले वाचन आधी सांगितले, की त्यालाही तेच दिसू लागते.

त्याच व्यवहाराचा दुसरा कागद पुढे मिळून गावाचे नाव निश्चित झाले, तरी कंस काढून टाकत नाहीत. अवाचनीयतेची खूण तशीच ठेवून, नाव कोणत्या कागदावरून घेतले, ते तळटीपेत लिहितात.