विद्युत वाहन चार्जिंग : रक्कम रोखणे आणि अंतिम हिशेब

विद्युत वाहनाच्या सार्वजनिक चार्जिंगमध्ये बिल शेवटी ठरते, पण पैशाची सोय आधी करावी लागते. गन गाडीला लावताना किती युनिट जाणार हे कुणालाच नेमके ठाऊक नसते. म्हणून चार्जर चालवणारी कंपनी अंदाजाची रक्कम आधी रोखते किंवा भरून घेते, आणि चार्जिंग थांबल्यावर मीटर पाहून हिशेब करते.

ॲपमध्ये ही रक्कम बहुधा वॉलेटमधून रोखली जाते. चार्जरला टेकवायचे कार्ड अनेकदा कंपनीचेच आरएफआयडी कार्ड असते. त्यात पैसे नसतात. ते फक्त खाते ओळखते आणि बिल वॉलेटमधून वळते होते. जिथे बँकेचे कार्ड टेकवता येते, तिथे बँक ठरावीक रक्कम अडवून ठेवते आणि अंतिम आकडा आल्यावर तेवढीच कापते.

छत्रपती संभाजीनगरहून लातूरला निघालेली गाडी बीडला चार्जिंगला थांबली, असे समजू. उदाहरणापुरता दर युनिटला २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरू. चालकाने ७०० रुपये रोखू दिले. गन लावताना चार्जरच्या मीटरवर ४८१२.६ युनिट होते. अर्ध्यात लाइट गेली तेव्हा आकडा ४८२६.० होता. म्हणजे १३.४ युनिट गेले. त्यांचे २६८ रुपये आणि कर ४८.२४, मिळून ३१६.२४ रुपये. उरलेले ३८३.७६ रुपये मोकळे व्हायला हवेत.

अडचण इथेच येते. शेवटचे रीडिंग कंपनीच्या सर्व्हरला कळवण्याचे काम चार्जरचे असते. विजेबरोबर नेटवर्कही गेले, तर तो संदेश चार्जरमध्येच अडकतो आणि लाइट व रेंज परतल्यावर पुढे जातो. तोवर ॲपमध्ये चार्जिंग ‘चालू’ दिसते आणि सगळे ७०० अडकलेले राहतात. रक्कम फक्त रोखलेली असेल, तर ती नंतर सुटते. यूपीआयने आधीच कापली असेल, तर उरलेली परतावा म्हणून यावी लागते. अशा वेळी पडदा चालू असताना काढलेला, चार्जरवरील युनिट आणि चार्जिंगच्या सत्र क्रमांकाचा फोटो भक्कम पुरावा ठरतो.

बिल चार्जरच्या मीटरवर निघते, गाडीच्या टक्क्यांवर नाही. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात जलद चार्जिंग करताना बॅटरी थंड ठेवायलाही वीज लागते, एसी चालू असेल तर आणखी. त्यामुळे बॅटरीत १२ युनिट भरले तरी बिल १३.४ चे येऊ शकते. ही फसवणूक नव्हे. मात्र हा फरक फार मोठा दिसला, तर तक्रार जरूर करावी.

यूपीआयने खात्यातून पैसे गेले, पण व्यापाऱ्यापर्यंत व्यवहार झाल्याची खात्री पोहोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यावे लागतात. पुढे प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई असते. अर्धवट चार्जिंगच्या उरलेल्या रकमेला हा नियम लागू होत नाही, कारण तिथे व्यवहार यशस्वी झालेला असतो. ती रक्कम कंपनीकडेच मागावी लागते.